एकच वळण राहिलंय: वाढदिवसाच्या व्हिडिओची स्क्रिप्ट

जिवलग मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी गुपचूप व्हिडिओ करायचा ठरला की त्याची एक ठरलेली रीत असते. कुणीतरी व्हॉट्सॲपवर गट काढतो, ‘सगळ्यांनी शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवा’ असे लिहितो, आलेल्या क्लिपा आल्या तशा एकामागे एक लावतो आणि खाली एखादे गाणे सोडतो. असा व्हिडिओ पहिल्या मिनिटानंतर रेंगाळू लागतो. वीस माणसे वीस वेळा ‘वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा, अशीच हसत राहा’ म्हणतात. चेहरे बदलतात, मजकूर तोच राहतो. ही अडचण एडिटिंगने सुटत नाही. ती स्क्रिप्टने सुटते, आणि ती स्क्रिप्ट क्लिपा मागवण्याच्या आधी तयार असावी लागते.

इथे स्क्रिप्ट म्हणजे दोन पानांचा आराखडा. कोण कोणत्या आठवणीबद्दल बोलणार, कुणानंतर कोण येणार, जुने फोटो आणि व्हिडिओ कुठे बसणार, आणि कोणती गंमत आधी पेरून नंतर पुन्हा आणायची, हे त्यात ठरते. बोलण्याचे नेमके शब्द त्यात नसतात. ते ज्याचे त्याने बोलायचे असतात.

अशा स्क्रिप्टचा खरा कच्चा माल म्हणजे आपसातल्या गमती, ज्यांना सगळे सर्रास इनसाइड जोक म्हणतात. एखादे वाक्य, एखादे टोपणनाव, एखाद्या फजितीचा नुसता उल्लेख. बाहेरच्याला त्यात काहीच सापडत नाही आणि चार जणांचा गट मात्र हसून लोळतो. मागचा प्रसंग त्या चौघांनी एकत्र अनुभवलेला असतो, म्हणून हे होते. शब्द फक्त खूण असतात, बाकीचे ऐकणाऱ्याच्या आठवणीतून येते. त्यामुळे अशी गंमत सांगताना तिच्यामागचा सगळा किस्सा उलगडून सांगितला की ती विझते. ‘तुला आठवतंय का, २०१४ मध्ये आपण गेलो होतो, तेव्हा पाऊस होता, आणि मग तू म्हणालीस’ असे सुरू झाले की उत्सवमूर्तीला आठवायला काही उरत नाही. तिने स्वतः पूर्ण करायचे ते बोलणाऱ्याने आधीच पूर्ण केलेले असते.

पण व्हिडिओ ती एकटी पाहत नाही. खोलीत शाळेचे मित्र असतात, ऑफिसातले असतात, सासरचे असतात, आईवडील असतात. प्रत्येक गंमत एका वर्तुळापुरती असते. हॉस्टेलची गंमत ऑफिसवाल्यांना कळत नाही, ऑफिसची आईला कळत नाही. या सगळ्या वर्तुळांत असलेली एकच व्यक्ती म्हणजे जिचा वाढदिवस आहे ती. चांगली स्क्रिप्ट याच गोष्टीवर उभी राहते. वेगवेगळ्या वर्तुळांतल्या गमती अशा क्रमाने लावायच्या की त्या सगळ्यांमधून एकच माणूस दिसू लागेल, आणि तिसऱ्या-चौथ्या क्लिपपर्यंत खोलीतल्या परक्यांनाही त्या माणसाची खोड कळून तेही हसू लागतील. किस्से समजावून सांगायची गरज मग उरत नाही. एका वर्तुळाची गंमत दुसऱ्या वर्तुळाची गंमत समजावते.

हे कसे घडते ते एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीचा पस्तिसावा वाढदिवस आहे. तिचे शाळासोबती सांगलीत आहेत, हॉस्टेलच्या मैत्रिणी तीन शहरांत पांगलेल्या आहेत, दर पावसाळ्यात गड चढणारा एक गट आहे, ऑफिसातले दोघे जवळचे आहेत, आणि घरी आई, वडील व भाऊ. व्हिडिओ करणारी व्यक्ती ट्रेकच्या गटातली आहे. तिला ट्रेकच्या गमती पाठ आहेत, बाकीच्या वर्तुळांतले काहीच माहीत नाही. तिची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक वर्तुळातल्या एकेका माणसाशी फोनवर बोलणे. मेसेजवर नव्हे, फोनवरच. लिहायला सांगितले की माणसे ‘ती खूप मदत करते, खूप प्रेमळ आहे’ अशी प्रशस्तिपत्रे लिहितात. बोलायला लागली की किस्से निघतात.

फोनवर विचारायचे प्रश्न साधे असतात. तिचे असे कोणते वाक्य आहे ज्याची तुम्ही अजून नक्कल करता? तिने तुम्हाला कधी गोत्यात आणले होते का? तिच्याबद्दल इतर कुणाला माहीत नसेल अशी एखादी गोष्ट कोणती? या तीन प्रश्नांत दहा मिनिटे सहज जातात. ऐकताना किस्सा लिहून घ्यावाच, पण त्यात तिने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे टिपणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण पुढे गंमत त्या शब्दांवरच चालणार असते.

आपल्या उदाहरणात अशा टिपणांतून हे हाती लागले. ट्रेकवाल्यांचे वाक्य होते ‘एकच वळण राहिलंय’. गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने राजगड चढताना तिने ते नवख्या मंडळींना सांगितले होते, आणि त्यानंतर पद्मावती माचीवर पोचायला दीड तास लागला होता. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी सांगितले की ती रात्री दुसऱ्याच्या ताटाशी येऊन ‘एकच घास देना’ म्हणायची आणि अर्धा डबा संपवायची. ऑफिसातला सहकारी म्हणाला की प्रेझेंटेशनमध्ये ती ‘ही शेवटची स्लाइड’ म्हणते तेव्हा सगळे चहा मागवतात. शाळासोबत्यांनी गॅदरिंगच्या नाटकाच्या तालमीतले ‘एकदाच करू, मग घरी’ हे वाक्य आठवून सांगितले. चारही वर्तुळांत एकमेकांचा पत्ता नसलेली माणसे एकच खोड सांगत होती: बरेच काही बाकी असताना ती ‘आता एकच’ म्हणते आणि समोरच्याला पुढे ओढून नेते. व्हिडिओचा धागा तिथेच मिळाला. असा धागा प्रत्येक वेळी इतका स्वच्छ मिळत नाही, पण दहा-बारा किस्से कागदावर शेजारी शेजारी मांडले की एखादी सवय, एखादी वस्तू किंवा एखादी भीती दोन-तीन ठिकाणी तरी पुन्हा दिसते. धाग्यात न बसणारे किस्से कितीही मजेदार असले तरी बहुतेक बाजूला ठेवावेत. एखाद-दुसरा मध्ये श्वास घ्यायला चालतो.

निवड करताना दुसरी चाळणी लावावी लागते, आणि ती अजिबात सैल ठेवू नये. शाळेतली टोपणनावे अनेकदा शरीरावरून, रंगावरून किंवा आडनावावरून पडलेली असतात. मित्रांना ती मायेची वाटतात. ज्याला ती चिकटली त्याने त्या वेळी हसून सोडून दिलेले असते, सुखाने स्वीकारलेले असतेच असे नाही. जुने प्रेमप्रकरण, नापास झालेले वर्ष, सुटलेली नोकरी, उसने पैसे, दारू हे विषय चौघांत चालतात, पण सासूबाई आणि साहेब बसलेल्या खोलीत चालत नाहीत. तपासण्याची एक खात्रीची खूण आहे: ही गंमत ती व्यक्ती स्वतः परक्यांसमोर सांगते का? सांगत असेल तर घ्यावी. ती फक्त इतरांच्या तोंडी असेल तर सोडावी. शंका आली तर तिच्या नवऱ्याला किंवा बहिणीला विचारावे, कारण कुठे दुखते ते घरच्यांना माहीत असते.

लांबी आधीच ठरवून टाकावी. चार मिनिटे हा चांगला अंदाज आहे. पाच मिनिटांनंतर खोलीतल्या लहान मुलांची चुळबुळ सुरू होते आणि केककडे नजरा जातात. उदाहरणातल्या व्हिडिओत बोलणारी माणसे चौदा आहेत. प्रत्येकाला सरासरी बारा सेकंद दिले तर दोन मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद होतात. जुन्या क्लिपा आणि फोटो यांना पन्नास सेकंद, आणि अक्षरे व मधल्या मोकळ्या जागा यांना उरलेले वीसेक सेकंद. बारा सेकंदांत सावकाश बोलणारा माणूस पंचवीसेक शब्द बोलतो, म्हणजे जेमतेम दोन वाक्ये. एवढ्यात शुभेच्छा, आठवण आणि आशीर्वाद असे सगळे मावत नाही. म्हणून शुभेच्छा सगळ्यांकडून काढून घ्याव्यात आणि शेवटी एकदाच, सगळ्यांच्या एकत्र आवाजात द्याव्यात.

क्रम लावताना पहिला प्रश्न असतो सुरुवात कशाने करायची. मोठ्या अक्षरांतले नाव, फुगे आणि उडणारी चमकी यांत दहा सेकंद वाया जातात. त्यापेक्षा तिचाच आवाज सगळ्यात आधी यावा. ट्रेकच्या गटात कुणाकडे तरी त्या दिवसाची हलती, ओबडधोबड क्लिप असतेच. पुढे जे काही येणार आहे त्याची किल्ली त्या क्लिपमध्ये असते. त्यानंतर स्क्रिप्ट अशी चालते:

दृश्य: राजगडाची वाट, धुके, पुढे चालणारी ती, पाठमोरी. आवाज: तिचाच, ‘चला चला, एकच वळण राहिलंय!’ सात सेकंद.

दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरे, ‘दीड तासानंतर’. आवाज: नुसती धाप. तीन सेकंद.

दृश्य: दगडावर आडवे पडलेले चौघे, जुना फोटो. आवाज: पहिला ट्रेकर, आजच्या क्लिपमधून, ‘ते वळण मी अजून शोधतोय.’ सहा सेकंद.

दृश्य: ऑफिसातला सहकारी, हातात चहाचा कप. आवाज: ‘आमच्याकडे त्याला शेवटची स्लाइड म्हणतात.’ आठ सेकंद.

दृश्य: हॉस्टेलची मैत्रीण, समोर रिकामा डबा. ती काही न बोलता डबा कॅमेऱ्याकडे उलटा धरते. आवाज: दुसरी मैत्रीण, ‘एकच घास, म्हणाली होती.’ नऊ सेकंद.

इथवर पोचेपर्यंत खोलीतल्या कुणालाही काही समजावून सांगावे लागलेले नाही. पहिल्या क्लिपने खोड दाखवली, दुसरीने तिचा परिणाम दाखवला, आणि तिसरीपासून प्रत्येक वर्तुळाने फक्त आपापला शब्द टाकला. ऑफिसवाल्याला राजगड माहीत नाही, पण शेवटच्या स्लाइडवरून वळण कोणते ते त्याला कळते. आईला स्लाइड म्हणजे काय ते कदाचित माहीत नसेल, पण घास कळतो.

एकच खोड चौदा वेळा सांगितली तर मात्र तीही शिळी होते. म्हणून साधारण चौथ्या क्लिपनंतर धागा सोडून द्यावा आणि मिनिटभर दुसरे काही येऊ द्यावे. या उदाहरणात शाळासोबती तालमीच्या ‘एकदाच करू’ला हात न लावता नाटकातली तिची फजिती सांगतात, भाऊ तिने शिकवलेल्या सायकलबद्दल बोलतो, आणि उरलेल्या ट्रेकर्सपैकी एक जण थोडे गंभीर बोलतो: त्याचा पाय मुरगळला होता तेव्हा तिने ‘एकच वळण’ म्हणत म्हणत त्याला खाली आणले होते. हे वाक्य महत्त्वाचे आहे. आतापर्यंत ज्यावर सगळे हसले तीच सवय इथे पहिल्यांदा आधार म्हणून दिसते. हशा आणि ओलावा यांची अशी अदलाबदल एकाच वाक्यावर झाली की व्हिडिओला वजन येते. वेगळा ‘भावुक भाग’ करून खाली संथ पियानो लावायची गरज पडत नाही.

शेवटाकडे धागा परत आणायचा, पण कुणालाही ठाऊक नसलेल्या बाजूने. आईशी फोनवर बोलताना कळले की लेक लहानपणी जेवत नसे, म्हणून त्या ‘हा शेवटचा घास’ असे सांगत सांगत अख्खी वाटी भरवायच्या. मित्रांनी ज्या वाक्यावर पंधरा वर्षे हसून घेतले त्याचे मूळ घरात निघाले. ही क्लिप स्क्रिप्टमध्ये शेवटून दुसरी. तिच्या आधी हे गुपित कुणीही फोडता कामा नये, म्हणून ते फक्त व्हिडिओ करणाऱ्याला आणि आईला माहीत असते. प्रत्येक व्हिडिओत असे एखादे तरी नवे काही असावे, जे उत्सवमूर्तीलाही पहिल्यांदाच कळेल किंवा विसरलेले आठवेल. केवळ माहीत असलेल्या गमती पाहून ती हसेल, पण चकित होणार नाही.

स्क्रिप्ट तयार झाली की मागणीपत्रे जातात, आणि ती प्रत्येकाला वेगळी लिहावी लागतात. हॉस्टेलच्या मैत्रिणीला पाठवलेला मेसेज साधारण असा असतो: ‘अगं, तुझ्याकडून दहा सेकंदांची क्लिप हवी. तिच्या “एकच घास”बद्दल फक्त एक वाक्य बोल, पूर्ण किस्सा नको. शुभेच्छा देऊ नकोस, त्या शेवटी सगळ्यांच्या एकत्र आहेत. फोन आडवा धर, खिडकीकडे तोंड करून बस, पंखा बंद कर. बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर दोन सेकंद नुसती बघत राहा. वेगवेगळ्या तऱ्हेने तीनदा बोल आणि तिन्ही पाठव.’ प्रत्येक सूचनेला कारण आहे. आधीचे-नंतरचे दोन सेकंद कापायला जागा देतात. ते नसतील तर पहिले अक्षर आणि शेवटचे हसू दोन्ही कापले जातात. तीनदा बोलण्यात तिसऱ्या वेळी माणूस पाठ केल्यासारखे बोलणे सोडून देतो, आणि बहुतेक वेळा तीच क्लिप वापरली जाते. पंख्याचा आवाज मात्र नंतर काढता काढता बोलणाऱ्याचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी मेसेज जावेत आणि मुदत दहा दिवस आधीची सांगावी. मुदतीत निम्म्याच क्लिपा येतात, बाकीच्यांच्या मागे लागावे लागते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जाऊन त्याची प्रत उतरते आणि मोठ्या टीव्हीवर चेहरे चिखलासारखे दिसतात. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे किंवा गूगल ड्राइव्हवर टाकायला सांगावे. आईवडिलांकडून मात्र काही मागवू नये. त्यांच्याकडे जाऊन बसावे, गप्पा माराव्यात आणि फोन समोर चालू ठेवावा. उत्तर देताना त्या व्हिडिओ करणाऱ्याकडे बघतील, कॅमेऱ्याकडे बघणार नाहीत, आणि तेच चांगले दिसते.

काही माणसे कॅमेऱ्यासमोर बोलूच शकत नाहीत, आणि अशांत वडील फार. त्यांना बोलायला लावू नये. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास एका नटाचा निर्विकार चेहरा तीन वेगवेगळ्या दृश्यांशेजारी जोडला होता, त्यांत एक सुपाची वाटी होती आणि एक शवपेटी. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. सिनेमाच्या अभ्यासात हा प्रयोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वाढदिवसाच्या व्हिडिओत त्याचा उपयोग असा: खुर्चीत बसून नुसते बघणाऱ्या वडिलांचे चार सेकंद टिपून ठेवावेत आणि आईच्या ‘हा शेवटचा घास’नंतर लगेच लावावेत. ते काही न बोलता सगळे बोलून जातात.

क्लिपा जमल्या की लगेच एडिटिंग ॲप उघडू नये. आधी प्रत्येक क्लिप ऐकून तिच्यातले कामाचे वाक्य आणि ते कितव्या सेकंदाला येते हे कागदावर लिहावे. चिठ्ठ्या करून त्या टेबलावर मांडाव्यात, हलवाव्यात. चाळीस सेकंदांच्या क्लिपमधून बारा सेकंद निवडणे कागदावर सोपे जाते. पडद्यावर तेच करताना प्रत्येकाचा चेहरा समोर असतो आणि कापताना जीव थांबतो. स्क्रिप्टही इथे थोडी बदलते. ज्याच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती तो एखादे असे वाक्य बोलून जातो की त्यासाठी जागा करावीच लागते.

कापण्याचे एकच तंत्र शिकले तरी बराच फरक पडतो. पुढच्या माणसाचा आवाज अर्धा सेकंद आधी सुरू करायचा आणि चित्र नंतर बदलायचे. रिकाम्या डब्याचे चित्र पडद्यावर असतानाच दुसरीचे ‘एकच घास’ ऐकू येते आणि मग ती दिसते. एकमेकींना न भेटलेली माणसे त्यामुळे एकाच गप्पांत बसल्यासारखी वाटतात. दुसरी काळजी घ्यायची ती हशाची. एकट्याने कानात इअरफोन घालून जोडलेला व्हिडिओ घट्ट बांधलेला असतो, पण खोलीत पंचवीस माणसे हसली की पुढचे वाक्य बुडते. जिथे मोठा हशा नक्की येणार तिथे दोन सेकंद नुसते चित्र राहू द्यावे, एखादा जुना फोटो ठेवावा.

आडव्या पडद्यावर उभी क्लिप आली की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. कितीही सांगितले तरी काही जण फोन उभाच धरतात, म्हणून त्यांची सोय आधीच करून ठेवावी. फोनच्या नेहमीच्या मापाच्या तीन उभ्या क्लिपा आडव्या पडद्यावर शेजारी शेजारी जवळजवळ बरोबर बसतात. शेवटी तिघा-तिघांनी एकत्र ‘आता फक्त पस्तिसावं वळण!’ म्हणायचे असेल तर उभ्या क्लिपाच जास्त सोयीच्या पडतात. संगीत बोलण्याखाली इतके हळू असावे की ते बंद केले तरच त्याची उणीव जाणवावी. शब्द असलेले गाणे बोलण्याखाली लावू नये, कारण दोन बोलणी एकमेकांत अडकतात. गाणे फक्त फोटोंच्या ओळीवर वाजू द्यावे.

मराठी अक्षरे ही एक वेगळीच अडचण आहे. काही एडिटिंग ॲप जोडाक्षरे फोडून दाखवतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे जाऊन बसते, आणि ‘मैत्रीण’सारख्या शब्दात त आणि र सुटे पडतात. एडिटिंगच्या पडद्यावर अक्षरे नीट दिसली तरी तयार फाइलमध्ये ती पुन्हा तपासावीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात आणि ज्या ॲपमध्ये बाहेरचा फॉन्ट घालता येतो तिथे ते वापरून पाहावेत. तरीही अक्षरे फुटत असतील तर ‘दीड तासानंतर’ हे शब्द पाटीवर खडूने लिहून त्याचाच फोटो वापरावा. तो छापील अक्षरांपेक्षा देखणाही दिसतो.

तयार व्हिडिओ दाखवण्याआधी दोन माणसांना दाखवावा. एक जण गटातला असावा, तो चुकलेले नाव किंवा बोचणारे वाक्य पकडतो. दुसरा पूर्ण परका असावा, ज्याला यातले काहीच माहीत नाही. परक्याला प्रत्येक गंमत कळायला हवी असे नाही, पण शेवटी त्याने ‘या बाईंना आता एकच असं म्हणायची सवय आहे वाटतं’ एवढे ओळखले तर धागा नीट बसला आहे. तो मध्येच फोन बघू लागला तर तो नेमका कोणत्या सेकंदाला बघू लागला ते टिपावे आणि तिथे कापावे.

गुपित फुटते ते बहुधा तंत्रज्ञानामुळे. गटाचे नाव तिच्या नावाने ठेवले जाते आणि कुणीतरी तिच्या शेजारी बसून तो गट उघडतो. किंवा घरातल्या सामाईक खात्यात फोटो आपोआप जमा होतात आणि आईची क्लिप तिच्याच फोनवर जाऊन बसते. गटाला काहीतरी साधे नाव द्यावे आणि घरी घेतलेल्या क्लिपा घरच्यांच्या फोनवर न घेता स्वतःच्या फोनवर घ्याव्यात.

प्रत्यक्ष दाखवताना फोन टीव्हीशी जोडण्यापेक्षा फाइल पेनड्राइव्हवर न्यावी. एच.२६४ प्रकारची एमपी४ फाइल बहुतेक टीव्हींवर चालते, आणि चांगल्या प्रतीचा चार मिनिटांचा व्हिडिओ साधारण ३०० एमबीत बसतो. त्याच टीव्हीवर एकदा आधी लावून पाहावा. आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर जोडला तर आवाज किंचित उशिरा येतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि बारा सेकंदांच्या क्लिपमध्ये ते फार खटकते. स्पीकर तारेने जोडावा. केक कापण्याआधी दाखवावा, कारण केकनंतर माणसे खायला आणि निरोप घ्यायला पांगतात. दुसरा फोन तिच्या चेहऱ्याकडे लावून ठेवावा, कारण ज्यांनी दूरच्या गावांहून क्लिपा पाठवल्या त्यांना तिचे हसू त्यातूनच दिसणार असते.

कार्यक्रम झाल्यावर मूळ, न कापलेल्या क्लिपा पुसून टाकू नयेत. आई व्हिडिओत बारा सेकंद बोलतात, पण त्यांच्याशी झालेल्या गप्पा वीस मिनिटांच्या असतात, आणि त्यांत लेकीच्या लहानपणाचे कितीतरी असते जे इतर कुठेही नोंदलेले नसते. या सगळ्या क्लिपा बोलणाऱ्याच्या नावाने लावून एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात, एक प्रत स्वतःकडे राखावी आणि दुसरी पेनड्राइव्हवर घालून वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या हातात द्यावी.